झोपेची गोळी घेतल्यावर सकाळी गुंगी उतरत नाही: चूक कुठे होते ते कसं शोधायचं

मी फार्मासिस्ट आहे. झोपेच्या गोळीबद्दल मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. गोळीने झोप लागते, पण सकाळी डोकं जड राहतं. तेही रोज नाही. चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड. मग माणूस गोळीची कंपनी बदलून बघतो, उशी बदलतो, कॉफी वाढवतो, आणि दहा दिवसांनी तीच तक्रार घेऊन पुन्हा येतो.

जे रोज होत नाही त्याचं कारण सापडणं खरं तर सोपं असतं. वाईट सकाळ आणि चांगली सकाळ समोरासमोर ठेवली की फरक दिसतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत आम्ही हेच केलं. तिची परवानगी घेऊन तिचंच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण नेहमी होणाऱ्या जवळपास सगळ्या चुका तिने एकटीने करून ठेवल्या होत्या.

ताईचं वय 63. घरातल्या आजारपणात झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी झोल्पिडेम 10 मिलिग्रॅम लिहून दिली. तीन आठवडे झाले आणि तिचा फोन आला. "अरे, ही गोळी सोमवार-गुरुवारी मला चढते. बाकीच्या दिवशी काही नाही. आणि गेल्या रविवारी तर कहरच झाला."

गोळीला वार कळत नाही. म्हणून तिला सांगितलं की गेल्या शनिवारपासूनचं आठवून आणि पुढे आठवडाभर वहीत पाच गोष्टी लिही: जेवण किती वाजता झालं, गोळी किती वाजता घेतली, रात्री उठलीस का आणि उठून काय घेतलंस, सकाळी किती वाजता उठलीस, आणि दिवसभरात दुसरं कुठलंही औषध किंवा दारू पोटात गेली का. झोप कशी लागली हे लिहायला मुद्दाम सांगितलं नाही. त्यावर माणूस पानं भरतो आणि हाती काही लागत नाही.

आधी तास मोजा

वही आली तेव्हा सोमवार-गुरुवारचं कोडं एका नजरेत सुटलं. त्या दोन दिवशी ताई पहाटे 5 ला उठून नातीला पोहायला सोडायला जायची, स्वतः गाडी चालवत. बाकीच्या दिवशी ती आठला उठायची. गोळी मात्र सातही दिवस रात्री 11 वाजताच.

इथे एक संकल्पना समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. शरीरातलं औषध निम्मं व्हायला जेवढा वेळ लागतो त्याला त्या औषधाचं अर्धायुष्य म्हणतात. झोल्पिडेमचं अर्धायुष्य सरासरी अडीच तासांच्या आसपास असतं. वय वाढलं की ते थोडं लांबतं, म्हणून ताईसाठी मी तीन तास धरले. आता हिशेब करू. रात्री 11 ला 10 मिलिग्रॅम घेतले. 2 वाजता उरले 5. पहाटे 5 वाजता अडीच. सकाळी 8 वाजता सव्वा. गोळी पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो तो या हिशेबात धरलेला नाही, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बरोबर आहे. सोमवारी पहाटे गाडीची किल्ली हातात घेताना ताईच्या अंगात मंगळवारी उठतानापेक्षा दुप्पट औषध शिल्लक असायचं.

म्हणूनच या गोळीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की पुढे किमान सात ते आठ तास अंथरुणात राहता येणार असेल तरच ती घ्या. हे वाक्य बहुतेक जण "रात्री गोळी घ्या" एवढंच वाचतात. खरं तर ते उलट्या दिशेने वाचायला हवं. आधी उठायची वेळ ठरवा आणि तिथून आठ तास मागे या. पाचला उठायचं असेल तर गोळीची शेवटची वेळ रात्री नऊ, फार तर दहा. ती वेळ टळली तर त्या रात्री गोळी नाही. साडेअकराला "निदान पाच तास तरी शांत झोपू" म्हणून घेतलेली गोळी सकाळच्या गुंगीचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

आणि वेळेवर घ्यायची म्हणजे कशी? दात घासून, लघवीला जाऊन, दिवे मालवायच्या तयारीत, पलंगावर बसून. गोळी आधी घेऊन मग भांडी आवरणं, फोनवर बोलणं, टीव्हीवरचा उरलेला भाग बघणं, हे अजिबात नको. झोल्पिडेमचा अंमल बऱ्याच जणांना अर्ध्या तासातच जाणवू लागतो, आणि त्या अवस्थेत केलेलं-बोललेलं सकाळी आठवेल याची खात्री नसते.

झोप लागली नाही म्हणून दुसरी गोळी

आता ताईचा तो रविवार. शनिवारी घरी पाहुणे होते. जेवण रात्री साडेदहाला, तेही भरपेट. अकराला नेहमीची गोळी. बारा वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. दीडला चिडून उठली आणि 2 वाजता आणखी अर्धी गोळी घेतली.

गोळी बिघडली नव्हती. भरल्या पोटी घेतलेली झोल्पिडेम रक्तात सावकाश उतरते. तिची सर्वोच्च पातळी पाऊण तासाच्या आसपास उशिरा येते आणि साधारण पाव हिश्श्याने कमीही भरते. म्हणजे झोपेचा जो धक्का मिळायला हवा तो बोथट होतो, पण औषध कुठे जात नाही, ते अंगातच असतं. जेवण आणि गोळी यांत दोन-अडीच तास ठेवता आले तर हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या गोळीचा हिशेब वरच्याच पद्धतीने करा. 11 च्या गोळीतले पहाटे 5 ला अडीच मिलिग्रॅम उरतात. 2 वाजता घेतलेल्या अर्ध्या गोळीतले, म्हणजे 5 मिलिग्रॅममधले, 5 ला आणखी अडीच उरतात. बेरीज 5 मिलिग्रॅम. म्हणजे पहाटे उठताना अंगात जवळपास अर्धी गोळी ताजी घेतल्याइतकं औषध. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि गाडी बाहेर काढायची नव्हती, हे नशीब. सोमवार असता तर याच अवस्थेत ती नातीला घेऊन रस्त्यावर असती.

मध्यरात्री दुसरी गोळी घेऊ नये याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त गंभीर वाटतं. पहिली गोळी घेतल्याचं आठवत नाही म्हणून दुसरी घेतली जाते. या औषधांनी त्या काळातली आठवण पुसट होते, मग माणूस अर्धवट जागा होऊन पुन्हा पाकिटाकडे हात नेतो. यावर मी सगळ्यांना एकच साधा उपाय सांगतो. पाकीट उशाशी ठेवू नका. रात्रीची एक गोळी वाटीत काढून घ्या आणि बाकीची दुसऱ्या खोलीत, कपाटात ठेवा. वाटी रिकामी दिसली की गोळी घेतली आहे, संपलं.

शनिवारचे दोन ग्लास

वहीत शनिवारच्या रकान्यात दारूपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "दारू नाही रे, वाइन. दोनच ग्लास, तेही जेवणाआधी." वाइन ही दारू नव्हे, बिअर ही दारू नव्हे, असं मानणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. त्यांना खोटं बोलायचं नसतं. त्यांच्या मनात दारू म्हणजे काहीतरी कडक, बाटलीतून पेल्यात ओतलेलं. म्हणून मी आता "दारू घेता का" असं विचारत नाही. "त्या संध्याकाळी ग्लासात काय काय होतं" असं विचारतो.

दारू आणि झोपेची गोळी मेंदूत जवळपास एकाच ठिकाणी काम करतात. चेतापेशींना शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन असतं. त्याचा परिणाम दोघंही वाढवतात. त्यामुळे दोन्ही एकत्र आली की गुंगी, तोल आणि स्मरण या तिन्हींवरचा परिणाम एकावर एक चढतो. त्या रात्री साडेअकराला ताईने मैत्रिणीला फोन करून दहा मिनिटं गप्पा मारल्या होत्या. सकाळी मैत्रिणीने त्याचा विषय काढला तेव्हा ताईला त्यातलं एक अक्षर आठवेना. ती घाबरली ती गुंगीने नव्हे, यानेच.

श्वासाचा धोका याहून मोठा आहे. दोन्हींमुळे श्वास मंद होतो आणि घशाचे स्नायू सैल पडतात. जे घोरतात, ज्यांचा झोपेत श्वास अडकतो, ज्यांना दमा किंवा फुफ्फुसांचा जुना आजार आहे, त्यांना हे जिवावर बेतू शकतं. कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं सोबत असतील तर धोका आणखी वाढतो.

"मग किती तासांनी चालेल?" हा प्रश्न हमखास येतो. यकृत दारू आपल्या ठरलेल्या गतीने काढतं, ढोबळमानाने तासाला एक लहान पेग. कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ यांतलं काहीही ती गती वाढवत नाही. आठला सुरू करून दहापर्यंत तीन-चार पेग घेणाऱ्याच्या अंगात मध्यरात्रीपर्यंत, कधी त्यानंतरही दारू असते. म्हणून तासांच्या गणितात न शिरता मी नियम सांगतो: ज्या संध्याकाळी दारू घेतली त्या रात्री गोळी घ्यायची नाही. मात्र हा नियम केवळ झोपेसाठी, अधूनमधून गोळी घेणाऱ्यांसाठी आहे. क्लोनाझेपामसारखी गोळी फिट्ससाठी चालू असेल, किंवा कुठलीही अशी गोळी महिनोन्‌महिने रोज चालू असेल, तर एकदम चुकवणंही धोक्याचं. अशा माणसांनी गोळी नव्हे, दारू सोडायची असते. आणि जे रोज भरपूर पितात त्यांनी दारूसुद्धा अचानक बंद करू नये. त्यासाठी डॉक्टरांची देखरेख लागते, नाहीतर अंग थरथरणं, भ्रम, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात.

"पण दारूने मला छान झोप लागते." लागते, हे खरं आहे. ती टिकत नाही. रात्रीच्या उत्तरार्धात दारू उतरू लागली की झोप तुटत जाते, तोंड कोरडं पडतं, लघवीला उठावं लागतं. ताईचं दीडचं जागं राहणं पोटातल्या जेवणाचं होतं तितकंच वाइनचंही असणार. म्हणजे वाइनने झोप बिघडवली, बिघडलेल्या झोपेसाठी दुसरी गोळी घेतली गेली, आणि रविवारी ती दुपारी दोनपर्यंत भिंतीला धरून चालत होती.

कोणी गोळी आणि दारू दोन्ही घेतली आहेत आणि हलवूनही जागं होत नाही, श्वास फार संथ किंवा थांबून थांबून येतो, घशातून घरघर येते, ओठ निळसर दिसतात, अशी लक्षणं असतील तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा, तोवर माणसाला कुशीवर वळवून ठेवा आणि एकटं सोडू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, तोंडात काही घालू नका. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

गुंगी दुसऱ्याच औषधाची असते तेव्हा

बुधवारी ताई आठला उठली होती, जेवणही लवकर झालं होतं, तरी डोकं जड. त्या दिवशीच्या रकान्यात बारीक अक्षरात होतं: "सर्दीची गोळी." ती सेटिरिझिन निघाली. सर्दी, खाज, अंगावर उठणारं पित्त यांसाठीच्या कित्येक गोळ्यांत आणि खोकल्याच्या सिरपांत झोप आणणारे घटक असतात. क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन हे त्यातले नेहमीचे. सेटिरिझिन त्या मानाने सौम्य, पण झोपेच्या गोळीवर पडली की जाणवते. या गोळ्यांना लोक औषधच मानत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.

काही औषधं स्वतः झोप आणत नाहीत, पण झोपेची गोळी यकृतात मोडू देत नाहीत. बुरशीवरची इट्राकोनाझोल, कीटोकोनाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्यांत येतात. कित्येक महिने सुरळीत चाललेली गोळी अचानक चढायला लागली आणि त्याच आठवड्यात नवं औषध सुरू झालं असेल, तर आधी तिकडे बोट दाखवा. यकृताचा आजार असेल तर गोष्टच वेगळी. सिऱ्होसिसमध्ये झोल्पिडेमचं अर्धायुष्य जवळपास दहा तासांपर्यंत लांबू शकतं.

गोळीच लांब पल्ल्याची असेल तर

इथवरचा हिशेब झोल्पिडेमचा होता. ती लवकर निघून जाणारी गोळी आहे. झोपिक्लोनचं अर्धायुष्य पाच तासांच्या आसपास असतं (सकाळी तोंडात कडू, धातूसारखी चव राहते ती तिचीच, त्यासाठी दात पुन्हा पुन्हा घासू नका). अल्प्राझोलामचं साधारण अकरा तास. नायट्राझेपाम एका दिवसाच्या घरात आणि क्लोनाझेपाम तीस-चाळीस तास.

एका दिवसाचं अर्धायुष्य असलेली गोळी रोज घेतली तर काय होतं ते बघा. पहिल्या रात्री 5 मिलिग्रॅम. दुसऱ्या रात्री आधीचे अडीच शिल्लक असतानाच आणखी 5 जातात, झाले साडेसात. तिसऱ्या रात्री पावणेनऊ. आठवड्याच्या शेवटी पातळी पहिल्या रात्रीच्या जवळजवळ दुप्पट होते आणि तिथे स्थिरावते. "पहिले दोन दिवस मस्त होते, मग दिवसभर सुस्ती यायला लागली" असं कोणी म्हणालं की मी आधी गोळीचं नाव विचारतो. अशा गोळीत रात्री दोन तास लवकर घेऊन फारसा फरक पडत नाही. डॉक्टरांशी बोलून औषधच बदलावं लागतं.

डोस

जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने झोल्पिडेमचा स्त्रियांसाठीचा सुरुवातीचा डोस निम्मा करायला सांगितला, साध्या गोळीत 10 ऐवजी 5 मिलिग्रॅम. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं आणि गोळी घेऊन आठ तास झाल्यावरही काहींच्या रक्तात गाडी चालवण्यावर परिणाम होईल इतकं उरतं, असं दिसलं होतं. 10 मिलिग्रॅमची साधी गोळी घेतलेल्या स्त्रियांत हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास होतं आणि पुरुषांत सुमारे 3 टक्के. ज्येष्ठांसाठी, स्त्री असो वा पुरुष, 5 मिलिग्रॅमच सुचवलेलं आहे.

ताई 63 वर्षांची स्त्री. दोन्ही बाजूंनी तिचा डोस 5 चा असायला हवा होता. वरच्या हिशेबात हे बसवून बघा, मला त्यातली गंमत आवडते. 11 वाजता 5 मिलिग्रॅम घेतले तर पहाटे 5 ला सव्वा उरतात. 10 मिलिग्रॅम घेतल्यावर सकाळी 8 ला उरत होते तितकेच. डोस निम्मा केला की एक पूर्ण अर्धायुष्य वाचतं, म्हणजे तीन तास लवकर घेतल्याइतका फायदा. झोप मात्र निम्मी होत नाही. बऱ्याच जणांना 5 मध्येही ती पुरेशी लागते.

डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना आकड्यांसकट विचारा. आणि पाकिटावर सीआर किंवा ईआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी कधीही तोडू, चघळू किंवा कुटू नका. ती हळूहळू सुटणारी असते. तोडली की रात्रभराचं औषध एकदम बाहेर येतं. अशी गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नये असा इशारा तिच्या माहितीपत्रकातच असतो.

सकाळी उठल्यावर काय करायचं

पहिली पंधरा-तीस मिनिटं मंद वाटणं गोळी न घेणाऱ्यालाही होतं. ती झोपेची नैसर्गिक जडता. उजेडात गेलं, तोंड धुतलं, थोडं चाललं की ती जाते. तासाभरानेही शब्द सापडत नाहीत, पायरी चुकते, तेच वाक्य दोनदा वाचावं लागतं, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, तर ते औषध आहे.

अडचण अशी की गुंगीत असलेल्याला स्वतःची गुंगी नीट कळत नाही. पूर्ण जागं वाटत असतानाही प्रतिक्रिया मंदावलेल्या असू शकतात. म्हणून "मला ठीक वाटतंय" यावर गाडीचा निर्णय सोडू नका, घड्याळावर सोडा. गोळी घेऊन आठ तास झाले नसतील तर गाडी, शिडी, यंत्र, उकळतं तेल यांपासून लांब. ताईला मी सांगितलं की सोमवार-गुरुवारी नातीला दुसरं कोणीतरी सोडेल, आणि हे औषध चालू असेपर्यंत त्यावर चर्चा नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कॉफीबद्दलही सांगतो. कॉफीने डोळे उघडतात, औषध बाहेर पडत नाही. सकाळी एक कप ठीक. गुंगी जावी म्हणून दुपारी तीन-चारपर्यंत कप वाढत गेले की रात्री झोप येत नाही, मग गोळी उशिरा घेतली जाते, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

रात्री लघवीला उठावं लागणाऱ्यांनी, विशेषतः साठीच्या पुढच्यांनी, वाटेत मंद दिवा ठेवावा आणि पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहावं. या गोळ्यांवर असताना पडून कंबरेचं हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेच पहाटे बाथरूमच्या वाटेवर पडलेले होते.

सगळं बरोबर करूनही सकाळी डोकं दुखत असेल, तोंड कोरडं असेल, आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबतो, तर गोळीच्या मागे लागू नका. झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का ते आधी तपासून घ्या, कारण असल्यास ही गोळी तो आजार वाढवू शकते.

आणि एक गोष्ट झाली तर वाट बघायचीच नाही. सकाळी गॅसवर भांडं दिसतं, फ्रिज उघडा असतो, फोनवर तुम्ही पाठवलेले निरोप असतात, चपला ओल्या असतात, आणि तुम्हाला काहीच आठवत नाही. झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, अगदी गाडी चालवणंही या गोळ्यांनी घडलेलं आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने झोल्पिडेम आणि तिच्या जातीच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक, चौकटीतला इशारा घातला तो यासाठीच. असं एकदा जरी घडलं तरी ती गोळी पुन्हा घ्यायची नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

ताईचं पुढे काय झालं

वही घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डोस 5 वर आणला आणि सर्दीसाठी रात्री झोप न आणणारं औषध दिलं. जेवण आठला, गोळी दहाला, पाकीट कपाटात, वाइन बंद. एका वेळी एकच बदल करून तीन रात्री बघावं म्हणजे नक्की कशाने फरक पडला ते कळतं, असं मी एरवी सांगतो. पण तोवर पहाटे गाडीत नात असायची, त्यामुळे इथे सगळं एकदमच बदललं. चौथ्या दिवशी सकाळी तिने आपणहून फोन केला, डोकं हलकं होतं.

महिना होत आला तेव्हा डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायला सांगितली, आधी एक रात्र सोडून, मग आठवड्यातून दोनदा. गोळी न घेतलेली पहिली रात्र तिने कुशी बदलत काढली आणि सकाळी मला ऐकवलं, "बघ, गोळीशिवाय मला झोपच येत नाही." तसं नव्हतं. गोळी काढली की एक-दोन रात्री झोप पूर्वीपेक्षाही बिघडते, मेंदू सवय मोडत असतो. त्या रात्रींत घाबरून पुन्हा रोजची गोळी सुरू करणारे पुढे वर्षानुवर्षं तीच घेत राहतात. तिला दुपारी न झोपता, उठायची वेळ न बदलता आणखी दोन रात्री काढायला सांगितल्या. तिसऱ्या रात्री ती साडेपाच तास झोपली, आणि वहीत त्यापुढे तिने फक्त "बरी" एवढंच लिहिलं.